अकरा लाखांची लिफ्ट

करोल बागेतल्या आमच्या मंडळात बाळकाकांबद्दल एक गोष्ट पक्की ठरलेली आहे. त्यांनी मंडळाचे अकरा लाख खाल्ले. कोणी म्हणतं, त्या पैशांत मानेसरला प्लॉट घेतला. कोणी म्हणतं, प्लॉट कुठला यार, मुलाला कॅनडाला धाडलं. बाळकाकांना एकच मुलगी आहे आणि ती फरीदाबादला लोकांचे दात काढते, पण अफवेला एवढी चौकशी परवडत नाही. पुरावा मागाल तर तोही तयार असतो. सत्तरीला टेकलेला माणूस, उजवा गुडघा कुरकुरतोय, समोर लिफ्ट उभी आहे, आणि हे महाशय कठड्याला धरून जिना चढतात. का? तर लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. चोराला कॅमेऱ्याची भीती.

यातलं जिन्याचं तेवढं खरं आहे. बाकी, बाळकाकांनी मंडळाचा चहासुद्धा कधी पदरचे दहा रुपये डब्यात टाकल्याशिवाय घेतला नाही. आणि ते अकरा लाख कुठेही गेलेले नाहीत. मंडळातला प्रत्येक जण ते रोज बघतो. बटण दाबतो, आत शिरतो, आरशात केस नीट करतो आणि त्यांच्यावर उभा राहून तिसऱ्या मजल्यावर जातो.

बाळकाका दिल्लीकडे आले ते सांगलीहून, मानेसरला कारखान्यांच्या बाजूला अजून मोहरी पिकत होती तेव्हा. गाड्यांचे रबरी भाग बनवणाऱ्या एका कंपनीत हिशेबनीस म्हणून लागले आणि हिशेबखात्याचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं कंपनीच्या बसमध्ये खिडकीजवळची तीच जागा, तोच डबा आणि मार्च संपला की तोच एक क्षण. ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा खाली यायच्या, पैशापैशाने सारख्या. मग काका चष्मा काढायचे, काचांवर फुंकर घालायचे आणि म्हणायचे, "जुळतंय." त्यातला 'तंय' जरा वर जायचा, पतंगाला ढील दिल्यासारखा.

हा शब्द पुढे घरातही शिरला. आमटीत मीठ बरोबर आहे का, जुळतंय. मुलीला स्थळ कसं वाटलं, जुळतंय. अरुणाकाकू म्हणायच्या, "ह्यांना उद्या यम न्यायला आला तरी आधी विचारतील, तुमच्या वहीत जुळतंय का." काका हसायचे. त्यांना खरंच वाटायचं की जगात जुळण्याइतकं समाधान दुसऱ्या कशात नाही. आणि हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं की जुळणं ही काही शाबासकीची गोष्ट नव्हे. ताळेबंदाला न जुळण्याची मुभाच नसते. कंपनीत नवीन पोरगं आलं की ते सांगायचे, अरे, एकच वस्तू आपण दोनदा मोजतो. उजवीकडे लिहितो काय काय आहे. डावीकडे लिहितो ते कोणाचं आहे. बाहेरच्यांचं देणं किती, आणि ते वजा जाऊन उरलं ते मालकाचं. उरलेलं म्हणून जे लिहायचं, ते जुळणार नाही तर काय होणार?

निवृत्तीनंतर मंडळाने त्यांना खजिनदार केलं. मंडळ म्हणजे गल्लीतली तीन मजली इमारत. खाली हॉल, वर पाहुण्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या. सभासद बहुतेक सरकारी. आयुष्य सरोजिनी नगरच्या क्वार्टरात काढून, निवृत्तीच्या पैशांत द्वारकेला नाहीतर वसुंधरेला फ्लॅट घेतलेले. अध्यक्ष सूर्यकांतराव तर एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. ते घरी चहासुद्धा मागायचे तो "प्रस्ताव विचाराधीन असेल तर" असा, आणि बायकोने नाही म्हटलं की "नोंद घेतली". बोलताना बोटाने हवेत सही करायची सवय.

त्या वर्षी भाऊसाहेबांनी अकरा लाख दिले. भाऊसाहेब मंडळातले सगळ्यात वयस्कर, पत्नी नुकतीच गेलेली. बाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्या नावाने शिक्षण निधी करा, महाराष्ट्रातून दिल्लीला शिकायला येणाऱ्या मुलींसाठी, एवढीच त्यांची अट होती. काकांनी नोंद केली. उजवीकडे बँकेत अकरा लाख वाढले, डावीकडे शिक्षण निधी अकरा लाख उभा राहिला. जुळलं.

चार महिन्यांनी कार्यकारिणीत लिफ्टचा विषय आला. तो येणारच होता, कारण कार्यकारिणीत एकाचाही गुडघा धड नव्हता. सूर्यकांतराव म्हणाले, तूर्तास उपलब्ध रकमेतून करू, हॉलच्या बुकिंगमधून भरून निघेल, बिल्कुल काळजी नको. बाळकाकांनी एकदा घसा साफ केला. म्हणाले की निधीच्या रकमेइतकी वेगळी मुदत ठेव ठेवायला हवी, म्हणजे डावीकडे निधी आणि उजवीकडे त्याचीच ठेव असं समोरासमोर राहील. सूर्यकांतरावांनी हवेत सही केली. "बाळासाहेब, निधी कुठे जातोय? तो तुमच्या ताळेबंदात राहणारच आहे ना?"

आणि गंमत अशी की ते खरं होतं. लिफ्टचे पैसे दिले तेव्हा बँक अकरा लाखांनी कमी झाली आणि लिफ्ट अकरा लाखांनी वाढली. जे झालं ते सगळं उजवीकडेच झालं. डावीकडच्या निधीला त्याचा पत्ताही लागला नाही. तो तसाच उभा राहिला, अकरा लाख, ठळक अक्षरांत. काका त्या दिवशी आणखी एकदा घसा साफ करू शकले असते. पण चहा आला, कोणीतरी कचोऱ्या आणल्या होत्या, आणि काका स्वतःच्या मनाला म्हणाले, जुळतंय तर आहे.

हॉलचं बुकिंग काही आलं नाही. शेजारच्या गल्लीत एसीवाला बँक्वेट निघाला, आणि आमच्या हॉलच्या छताला गळती लागली.

मग वार्षिक सभा. ताळेबंद छापून प्रत्येकाच्या हातात दिलेला होता. त्यात लिफ्टही होती, बँकेतली उरलीसुरली शिल्लकही होती. लपवलेलं काहीच नव्हतं. पण सगळ्यांचं आयुष्य सरकारी हिशेबात गेलेलं. तिथे एखाद्या नावापुढे रक्कम दिसली की ती खर्चायला मोकळी असते. पैसा प्रत्यक्ष कुठे पडलाय ती तिजोरीवाल्यांची चिंता. त्यामुळे सगळ्यांनी डावी बाजू वाचली, शिक्षण निधी अकरा लाख, वाह, आणि कागदाचा पंखा करून वारा घेतला.

भाऊसाहेब मात्र उठले. काठी टेकत, हळू आवाजात म्हणाले, "बाळ, हिच्या नावाचे पैसे जागेवर आहेत ना रे?"

काका उभे राहिले. चष्मा काढला. फुंकर घातली.

"ताळेबंद जुळलाय, भाऊसाहेब."

टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांचा चेहरा निवला. सभा संपल्यावर काकांनीच त्यांना हाताला धरून, जरा पडायला म्हणून, वर पाहुण्यांच्या खोलीकडे नेलं. लिफ्टमध्ये भाऊसाहेबांनी पितळी कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, छान केलीत हो ही लिफ्ट, हिला फार आवडली असती, जिन्याने दम लागायचा तिला. काका वर सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत राहिले.

भाऊसाहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काकांनी दिलं नव्हतं. एका खऱ्या वाक्याने दुसरा प्रश्न झाकला होता. हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, असं ते म्हणतात. तिसरा मजला येईपर्यंत सांगून टाकायला वेळ होता.

त्याच सभेत अपूर्वाचा अर्ज मंजूर झाला. हिंगोलीची मुलगी, तिथल्या एका खाजगी शाळेत शिकवत होती. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी एक वर्ष दिल्लीला यायचं होतं. क्लास मंडळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. फी निधीतून, खोली मंडळाची. तिला पत्र गेलं. तिने नोकरी सोडली आणि जून संपता संपता एक बॅग, एक उशी आणि आईने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन ती नवी दिल्ली स्टेशनवर उतरली.

बँकेत तेव्हा जे होतं त्यातून लिफ्टच्या देखभालीचं बिल आणि विजेचं बिल, दोन्हीतलं एकच भागलं असतं.

हे तिला सांगायचं काम खजिनदाराकडे आलं. सूर्यकांतरावांना त्या दिवशी वसुंधरेत काही विषय विचाराधीन होता. काका मंडळाच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात बसले होते, समोर अपूर्वा. काकांनी आधी प्रवास कसा झाला विचारलं. मग गर्मीचं विचारलं. मग पंख्याचा वेग वाढवला. शेवटी म्हणाले की निधीचे पैसे सध्या हातात नाहीत.

तिने बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून घडी घातलेला ताळेबंद काढला. पत्राबरोबर मंडळानेच कौतुकाने पाठवला होता.

"पण काका, यावर अकरा लाख आहेत."

"आहेत."

"मग?"

"तू आत्ता वर आलीस ना," काका म्हणाले, "त्या लिफ्टमध्ये."

तिने कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग तिने विचारलं की तो निधी लिहिलाय तो खोटा आहे का. काका म्हणाले, खोटा नाही, अगदी खरा आहे. डावी बाजू सांगते की मंडळाकडे जे आहे त्यातल्या अकरा लाखांवर हक्क कोणाचा. तो मुलींचा आहे, आजही आहे. पण हक्क म्हणजे गल्ला नव्हे. ते पैसे आज कोणत्या रूपात आहेत ते उजवीकडे बघायचं. तिथे रोख नाही, लोखंड आहे. काका समजावत गेले, आणि समजावता समजावता त्यांचा आवाज वर्गात लागतो तसा लागला. शेवटी म्हणाले की म्हणून तर दोन्ही बाजू नेहमी जुळतात.

अपूर्वाने कागदाची पुन्हा घडी घातली. "म्हणजे लिफ्ट विकली तर मला शिकता येईल."

हा टोमणा नव्हता. तिला विषय बरोबर समजला होता, एवढंच. मानेसरच्या पोरांना दोन दोन महिने लागायचे.

आता जे काकांना आजही टोचतं ते इथून पुढे आहे. पहिल्या हप्त्याइतके पैसे काकांच्या स्वतःच्या खात्यात होते. चेकबुक कपाटात, किल्ली शर्टच्या खिशात. मंडळाला उसने द्यायचे. बँक वाढली असती, डावीकडे 'बाळ यांचं देणं' अशी एक ओळ वाढली असती. तेही जुळलंच असतं. ती नोंद त्यांच्या डोक्यात तयारसुद्धा झाली होती. पण कार्यकारिणीच्या मंजुरीशिवाय खजिनदाराने मंडळाला उसने देणं नियमात बसत नव्हतं, आणि नियम मोडायची काकांच्या हाताला सवय नव्हती. ते तिला म्हणाले, "मीटिंग होऊ दे. थांब जरा."

अरुणाकाकूंनी त्या रात्री जेवताना एकदाच सांगितलं, "अहो, लिहून टाका चेक. मीटिंगचं मीटिंगला." काका म्हणाले, असं नसतं ते. काकूंनी भाताचं पातेलं जरा जोरात ठेवलं.

पहिल्या मीटिंगला गणसंख्या झाली नाही, कोणी पुण्याला, कोणी वैष्णोदेवीला. दुसऱ्या मीटिंगला झाली, पण सूर्यकांतरावांनी विषय उपसमितीकडे सोपवला. अपूर्वा तोवर रोज संध्याकाळी क्लासच्या दारापर्यंत जाऊन यायची. लिफ्टने मात्र जायची नाही. उपसमिती बसायच्या आदल्या आठवड्यात क्लासची बॅच भरली आणि दाराला तसा कागद लागला.

तेव्हा कुठे काका चेक लिहून घेऊन आले. ती बॅग भरत होती. म्हणाली, आता बॅच पुढच्या वर्षी, काका, आणि घरून पुढच्या वर्षी सोडणार नाहीत. शेंगदाण्याची चटणी अर्धी उरली होती. ती बरणी तिने काकूंना दिली आणि काकांच्या पाया पडली. काकांना ते अजून आठवतं, कारण त्यांना पाय मागे घ्यायचा होता आणि गुडघ्यामुळे घेता आला नाही.

भाऊसाहेबांना कळायचं ते कळलंच. त्यांनी काकांना शब्दाने विचारलं नाही. फक्त मंडळात येणं बंद केलं, आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. त्यांना काकांनी सांगायला हवं होतं ते सांगायचं राहून गेलं. मग लोकांनी हिशेब मांडला. निधी होता, मुलीला मिळाला नाही, म्हातारा रागावला, खजिनदाराने राजीनामा दिला, म्हणजे खाल्ले. सूर्यकांतरावांनी या अफवेचं खंडन केलं नाही. खंडन करायचं तर लिफ्टचा ठराव काढून दाखवावा लागला असता. काकांनीही केलं नाही. त्यांचं म्हणणं, मी पैसे खाल्ले नाहीत हे सांगायला तोंड उघडलं तर मी काय केलं तेही सांगावं लागेल.

लिफ्टची किंमत दरवर्षी घसाऱ्याने कमी होते. ती जेवढी कमी होते तेवढंच डावीकडे मंडळाचं स्वतःचं म्हणून जे उरलंय ते कमी होतं. निधी तसाच, अकरा लाख. नव्या खजिनदारामागे लागून लागून काकांनी एक मुदत ठेव मात्र सुरू करायला लावली आहे, निधीच्या बरोबर समोर. अजून ती लहान आहे. अपूर्वा परत त्याच शाळेत आहे, कमी पगारावर. दिवाळीला काका तिला शुभेच्छा पाठवतात, ती हात जोडलेलं चित्र पाठवते.

'जुळतंय' हा शब्द काकांनी तेव्हापासून टाकलाय. मी तो उचलला. मी अकरावी कॉमर्सला आहे आणि काका मला अकाउंट्स शिकवतात. मंडळाच्या कार्यक्रमांत मी सूर्यकांतरावांची हवेतली सही करते, लोक लोटपोट होतात. बाळकाकांची फुंकर आणि वर जाणारा 'तंय' करते, तेव्हा त्याहून जास्त हसतात. काका मागच्या रांगेत बसलेले असतात.

यंदा गणपतीच्या आधी मी त्यांच्याशी पैज लावली. ताळेबंद जुळणार नाही असा एक तरी खरा व्यवहार मी सांगायचा. जिंकले तर काकांनी माझ्याबरोबर लिफ्टने वर यायचं. हरले तर त्यांची नक्कल कायमची बंद. अर्धवट नोंद चालणार नाही, काका म्हणाले, तो व्यवहार नव्हे, ती चूक. मी म्हटलं, चलो, मंजूर.

मी म्हटलं, चोरी. गल्ल्यातले पैसे गेले, बदल्यात काहीच आलं नाही. काका म्हणाले, उजवीकडे रोख कमी, डावीकडे मंडळाचं स्वतःचं तेवढंच कमी, तोटा झाला की. मी म्हटलं, कोणी खुर्च्या फुकट दिल्या तर? खुर्च्या वाढल्या, स्वतःचं वाढलं. सावकाराने कर्ज माफ केलं? देणं कमी, स्वतःचं जास्त. मी जरा विचार करून म्हटलं, चेक आला आणि तो लिहायचाच राहिला तर? काका हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, मग तर काय, दोन्ही बाजूंना पत्ताच नाही, जुळणारच.

मग मला वाटलं, आता सापडलं. मी म्हटलं, "अपूर्वाताईचं एक वर्ष. ते गेलं ना? कोणाकडून तरी गेलं. ते लिहा."

काकांनी चष्मा काढला. मला वाटलं, फुंकर घालतील. त्यांनी तो नुसताच हातात धरला.

"कुठे लिहू?" ते म्हणाले. "उजवीकडे कधी नव्हतं ते. डावीकडे आपण कधी मांडलं नाही." मग म्हणाले, "जुळतंय गं. तरीही जुळतंय."

'तंय' या वेळी वर गेला नाही. तसा मला तो काढताही आला नसता.

मी पैज हरले. काका कठड्याला धरून जिना चढायला लागले, मी त्यांची पिशवी घेतली आणि मागून चढत गेले. शेजारून लिफ्ट वर गेली, आत सूर्यकांतराव होते आणि आरशात केस नीट करत होते. त्यांची नक्कल पैजेत नव्हती. पण त्या दिवशी मी तीही केली नाही.